कागद गोळा व्हायचेत आणि तारीख आली: इन्कम टॅक्सकडे मुदत कशी मागायची

प्रश्न: "फ्लॅट विकला त्या वर्षाची स्क्रुटिनी लागलीये. 142(1) ची नोटीस आलीये, उत्तराची तारीख सहा दिवसांवर आहे. जुन्या बंद खात्याचं स्टेटमेंट बँकेकडून यायचंय, रिनोव्हेशनची बिलं अर्धीच सापडली. ॲडजर्नमेंट मागितली तर ऑफिसर चिडेल का? आणि पोर्टलवर बटण दाबलं की झालं का?"

मुदत जरूर मागा, पण रिकाम्या हाताने मागू नका. इतकी वर्षं असेसमेंटचं काम करताना मी जेवढे ॲडजर्नमेंटचे अर्ज वाया गेलेले पाहिले त्यातले बहुतेक एकाच कारणाने गेले, माणसाने फक्त वेळ मागितला आणि हातात असलेलं काहीच दिलं नाही. तुमच्याकडे अर्धी बिलं आहेत म्हणता, खरेदीचा करारनामा असेल, इंडेक्स टू असेल, विक्रीचा करारनामा तर असणारच. हे सगळं आत्ताच जायला पाहिजे आणि जे राहिलंय त्याच्यापुरतीच मुदत मागायची. या एका फरकाने पुढचं सगळं बदलतं, ते कसं ते सांगतो.

आधी चिडण्याचं. तुमची स्क्रुटिनी, म्हणजे रिटर्नची सखोल तपासणी, बहुधा फेसलेस आहे, म्हणजे कलम 144बी खाली, माहिती आणि कागद मागणारी ही 142(1) ची नोटीस नॅशनल फेसलेस असेसमेंट सेंटरच्या नावाने आलेली असेल आणि ती पाहणारा ऑफिसर कुठल्या शहरात बसलाय ते तुम्हाला कळणार नाही, त्यालाही तुमचा चेहरा दिसणार नाही. त्याच्यासमोर असते ती फक्त फाइल. नोटिशीत दिलेली तारीख म्हणजे कुणाच्या केबिनमध्ये जाऊन बसायची तारीख नाही, तोवर उत्तर पोर्टलवर चढलं पाहिजे एवढाच तिचा अर्थ. खरी समोरासमोरची सुनावणी, तीही व्हिडिओ कॉन्फरन्सवर, नंतर येते, जेव्हा ऑफिसर तुमच्या उत्पन्नात भर टाकायचं ठरवतो, शो कॉज नोटीस पाठवतो आणि तुम्ही सुनावणी मागता. म्हणून राग-लोभाचा विचार डोक्यातून काढा आणि फाइल वाचणाऱ्याला काय दिसेल याचा विचार करा. वेळ वाढवून मागायचा अर्ज करता येतो हे 144बी मध्येच धरलेलं आहे, नोटिशीत दिलेल्या वेळेत किंवा अर्जावर वाढवून दिलेल्या वेळेत उत्तर द्या अशीच तिथली रचना आहे. तेव्हा मुदत मागणं म्हणजे काही गैर नाही. पण ती मिळणं हा हक्कही नाही, हेही तितकंच खरं.

आता ऑफिसरच्या बाजूने बघा. स्क्रुटिनीची ऑर्डर काढायला त्याला कायद्याने शेवटची तारीख असते, कलम 153 प्रमाणे असेसमेंट वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष, संपल्यापासून 12 महिने. 2024-25 हे असेसमेंट वर्ष घेतलं तर 31 मार्च 2026. या तारखेनंतर साधारणपणे त्याचा अधिकारच संपतो, त्यामुळे त्याचं सगळं गणित त्या तारखेपासून मागे मोजत चालतं. तुमचं उत्तर आल्यावर त्याला ते वाचायचं असतं, पटलं नाही तर शो कॉज काढून तुम्हाला सहसा सात दिवस द्यायचे असतात, तुम्ही मागितली तर व्हिडिओ सुनावणी, मग ड्राफ्ट ऑर्डर, काही केसेसमध्ये ती रिव्ह्यूला जाते. एवढं सगळं मार्च संपायच्या आत. म्हणून नोव्हेंबरात तीन आठवडे मागितले तर ते त्याला परवडतात, फेब्रुवारी अखेरीला आठवडासुद्धा जड जातो आणि मार्चच्या मध्यात तीन दिवस मिळाले तरी पुष्कळ. तुमच्या नोटिशीवर असेसमेंट वर्ष बघा, शेवटची तारीख काढा आणि मगच किती दिवस मागायचे ते ठरवा. जुन्या वर्षांच्या केसेस 1961 च्या कायद्यानेच चालतात, 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झाला म्हणून हे बदलत नाही, तेव्हा कलमांच्या आकड्यांनी गोंधळू नका.

हे कळावं म्हणून एक केस पूर्ण सांगतो, तुमच्यासारखीच आहे. माणसाने 2009-10 मध्ये फ्लॅट घेतलेला 30 लाखांना, 2014-15 मध्ये किचन, बाथरूम, फ्लोअरिंग, प्लंबिंग सगळं नव्याने करून घेतलं, खर्च 8 लाख, आणि जानेवारी 2024 मध्ये फ्लॅट विकला. रिटर्नमध्ये खरेदी आणि हा खर्च दोन्ही इंडेक्सेशन करून, म्हणजे महागाईच्या सरकारी इंडेक्सप्रमाणे वाढवून, वजा केले होते. 10 नोव्हेंबर 2025 ची 142(1) ची नोटीस, उत्तर 25 नोव्हेंबरपर्यंत. माझ्याकडे आला 18 तारखेला, म्हणजे आठवडा अगोदरच वाया गेलेला. घाबरलेला होता, म्हणाला काका, सगळंच अडकलंय, सगळ्यालाच मुदत मागू.

सगळं अडकलेलं नव्हतं. नोटिशीसोबत जोडलेल्या प्रश्नांच्या यादीत सात मुद्दे होते. टेबलावर प्रत्येक मुद्द्यापुढे काय आहे आणि काय नाही हे लिहायला बसलो तर सातपैकी पाच मुद्द्यांची उत्तरं त्याच्या कपाटातच होती, करारनामे, इंडेक्स टू, विक्रीचे पैसे आलेल्या खात्याचं स्टेटमेंट, खरेदीदाराने कापलेला टीडीएस, कॅपिटल गेनचं गणित. अडकलं होतं फक्त रिनोव्हेशनचं. कॉन्ट्रॅक्टरला पाच चेक दिलेले, पण ते ज्या खात्यातून गेले ते खातं बंद झालेलं आणि ती बँकही मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. आणि कॉन्ट्रॅक्टरची बिलं, त्यातली 4 लाखांची सापडली, बाकीची त्याच्या हिशेबनिसाकडून काढून घ्यायची होती.

इथे मी एक गोष्ट नेहमी करतो, तुम्हीही करा. अडकलेल्या कागदाची किंमत काढा, म्हणजे किती जोर लावायचा ते कळतं. 2014-15 चा इंडेक्स 240, 2023-24 चा 348, भागिले तर 1.45. म्हणजे 8 लाखांचे झाले 11 लाख 60 हजार. हे जर ऑफिसरने पुरावा नाही म्हणून उडवलं तर त्यावर 20 टक्के टॅक्स आणि सेस धरून 20.8 टक्के, म्हणजे 2 लाख 41 हजार 280 रुपये, वर व्याज वेगळं. एका बँक स्टेटमेंटवर एवढं अवलंबून आहे म्हटल्यावर तो माणूस दुसऱ्याच दिवशी सकाळी बँकेत उभा राहिला.

बँकेत जाऊन तोंडी सांगितलं असं करू नका. हा मुद्दा मी जरा ठासून सांगतो कारण मुदतीच्या अर्जाचा सगळा भार इथेच असतो. लेखी अर्ज करा, जुना खाते क्रमांक, जुनी शाखा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं स्टेटमेंट पाहिजे, आणि इन्कम टॅक्सच्या नोटिशीसाठी पाहिजे असं स्पष्ट लिहा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नाहीत म्हणाले तर तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर पाठवा. किती दिवस लागतील ते शक्यतो लेखी घ्या, नाहीतर तुमच्याच ईमेलमध्ये लिहा की आज शाखेत असं सांगण्यात आलं की जुनं रेकॉर्ड मागवायला अंदाजे तीन आठवडे लागतील. शिक्का मारलेली ही प्रत तुमच्या मुदतीच्या अर्जाला जोडायची. बँकेत गेलो होतो हे ऑफिसरला सांगण्याने काही होत नाही, 19 तारखेचा शिक्का दाखवला की विषय संपतो. आणि हो, नोटीस आल्यावर किती दिवसांनी तुम्ही बँकेत गेलात तेही त्या शिक्क्यावरून दिसतं, म्हणून आज हे वाचताय तर आजच जा. कॉन्ट्रॅक्टरलाही व्हॉट्सॲपवर नाही, ईमेलवर लिहा, प्रिंट चांगली निघते.

मग 22 तारखेला आम्ही दोन गोष्टी केल्या, आणि त्याच क्रमाने. पहिलं, पाच मुद्द्यांचं उत्तर कागदांसकट चढवलं. पोर्टलवर लॉगिन करून Pending Actions मध्ये e-Proceedings, तिथे ती नोटीस उघडली की उत्तर देताना Partial Response आणि Full Response असे दोन पर्याय येतात. इथे Partial Response च घ्यायचं. घाईत Full Response निवडलं की तुमचं सांगून झालं असा अर्थ होतो, त्या नोटिशीवर पुढचं काही चढवताना अडचण येते आणि ऑफिसरही त्याच कागदांवर पुढे जायला मोकळा होतो. ही चूक मी दरवर्षी एकदोघांची तरी पाहतो आणि ती निस्तरायला फार त्रास होतो.

दुसरं, त्याच नोटिशीवर Seek/View Adjournment मध्ये जाऊन अर्ज. तिथे कोणत्या तारखेपर्यंत मुदत पाहिजे ती तारीख टाकायची असते, कारण निवडायचं असतं, शेरा लिहायचा असतो आणि फाइल जोडता येते. शेऱ्याच्या चौकटीत दोन ओळी, सविस्तर पत्र पीडीएफमध्ये. सबमिट केल्यावर जो ट्रान्झॅक्शन आयडी येतो त्याचा स्क्रीनशॉट आणि आलेला ईमेल दोन्ही जपून ठेवा. काही नोटिशींवर हा पर्याय दिसतच नाही, तेव्हा मुदतीचं पत्र Partial Response च्या जोडपत्रांत पहिल्या नंबरवर टाकायचं आणि उत्तराच्या मजकुरातही तसं लिहायचं. आणि हे सगळं तारखेच्या आत. तारीख उलटून गेल्यावर केलेला अर्ज म्हणजे आधी चूक केली आणि मग वेळ मागितली असा दिसतो, शिवाय उत्तराची खिडकी बंद झालेली असू शकते. शेवटच्या रात्रीपर्यंतही थांबू नका, दोनतीन दिवस आधी गेलेला अर्ज वाचून त्यावर काही करायला ऑफिसरला वेळ मिळतो.

पत्रात काय लिहिलं ते सांगतो, तुम्ही पाठवताना इंग्रजीत करून घ्या:

"आपल्या दिनांक 10 नोव्हेंबर 2025 च्या नोटिशीतील मुद्दा 1 ते 5 चे उत्तर कागदपत्रांसह आज सादर केले आहे. मुद्दा 6 व 7 हे 2014-15 मधील रिनोव्हेशनच्या 8,00,000 रुपयांच्या खर्चाबद्दल आहेत. त्यापैकी 4,00,000 रुपयांची बिले सोबत जोडली आहेत. उरलेल्या बिलांच्या प्रती कॉन्ट्रॅक्टरकडे 19 नोव्हेंबर रोजी ईमेलने मागितल्या आहेत. सर्व रक्कम चेकने दिली असून ते खाते आता बंद आहे व मूळ बँक विलीन झाली आहे. स्टेटमेंटसाठी 19 नोव्हेंबर रोजी केलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडली आहे, शाखेने अंदाजे तीन आठवड्यांचा अवधी सांगितला आहे. म्हणून फक्त मुद्दा 6 व 7 साठी 15 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत द्यावी ही विनंती. त्याआधी कागद मिळाल्यास वाट न पाहता सादर करू. मुदत देणे शक्य नसल्यास तसे कळवावे, म्हणजे हाती असलेल्या पुराव्यांवर आमचे म्हणणे मांडता येईल."

यात बघा, काही तरी वेळ द्या असं कुठेच नाहीये. कोणता कागद, कुणाकडे अडकलाय, कधी मागितला, कधी येईल आणि कोणत्या मुद्द्यापुरती मुदत, एवढ्या गोष्टी आल्या की पत्र पुरं झालं. आजारपण, लग्नकार्य, सीए गावाला गेलेत असली कारणं खरी असतील तरच लिहा आणि खरी असतील तर पुरावा जोडा. खरं कारण कागद गोळा होतायत हे असेल तर तेच लिहा, ते पूर्ण मान्य होण्यासारखं कारण आहे. एकदा खोटं कारण दिलं आणि त्याच दिवशीचा तुमच्या सहीचा दुसरा कागद फाइलमध्ये निघाला तर पुढचं खरंही कुणी मानत नाही.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालतो. त्याने ऑफिसरवर उत्तर द्यायची नैतिक जबाबदारी येते आणि त्याने उत्तर दिलंच नाही तर पुढे अपिलात हेच वाक्य आपल्या कामाला येतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बटण दाबलं की झालं का. नाही. अर्ज करणं आणि मुदत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या दोन्हीतला फरक न कळल्याने माणसं बुडतात. मुदत मिळाली की नाही हे त्याच Seek/View Adjournment मध्ये दिसतं, किंवा नोटिशीपुढची उत्तराची तारीख बदललेली दिसते, किंवा नव्या तारखेची दुसरी नोटीस येते. अर्ज केल्यावर रोज एकदा पोर्टल बघायचंच, ईमेलवर विसंबू नका, तो स्पॅममध्ये जातो किंवा प्रोफाइलमध्ये जुन्याच सीएचा ईमेल राहिलेला असतो. आजच प्रोफाइल उघडून ईमेल आणि मोबाइल तपासा. काहीच उत्तर आलं नाही तर मूळ तारीखच खरी असं समजून चालायचं, म्हणजे त्या तारखेच्या आत जे हाती आलंय ते परत एकदा Partial Response ने चढवायचं. गप्प बसणं म्हणजे होकार असं या कामात कधीही धरू नका.

आमच्या केसमध्ये मागितली होती 15 डिसेंबर, मिळाली 9 डिसेंबर. असं होतं, ते आपल्या सोयीने कापतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. कॉन्ट्रॅक्टरकडून बाकीची बिलं 4 तारखेला आली, ती 5 ला चढवली. बँकेचं स्टेटमेंट मात्र 8 तारखेपर्यंत आलं नाही. मग दुसरा अर्ज केला, बँकेच्या शाखेचा ताजा ईमेल जोडला की रेकॉर्ड मागवलंय, या आठवड्यात येईल, आणि 12 तारखेपर्यंतच मुदत मागितली. दुसऱ्यांदा मागताना काहीतरी पुढे सरकलंय हे दिसलंच पाहिजे, पहिलंच पत्र तारीख बदलून पाठवलं की ते चालढकल वाटतं. यात आम्ही आणखी एक ओळ घातली जी फार कमी लोक घालतात: बँकेकडून आम्हाला स्टेटमेंट मिळालं नाही तर कलम 133(6) खाली आपण ते थेट बँकेकडून मागवावं, खाते क्रमांक आणि कालावधी असा असा. ऑफिसरला कुठल्याही बँकेकडून माहिती मागवायचा अधिकार या कलमाने आहे. तो ते करेलच असं नाही, पण ज्याला काही लपवायचंय तो माणूस ऑफिसरला असं सांगत नाही, हे वाचणाऱ्याला कळतं.

आणि कागद येईपर्यंत त्याच्या जवळपासचं काय देता येईल ते द्या. आम्ही सोसायटीने रिनोव्हेशनला दिलेली परवानगी दिली, त्यावर 2014 ची तारीख होती. कॉन्ट्रॅक्टरचं सहीचं पत्र दिलं, त्यात पाचही चेकच्या तारखा आणि रकमा, त्याचा पॅन. जुन्या पासबुकाची दोन पानं होती, त्यात दोन चेक दिसत होते, तीही दिली. यातला एकेक कागद लंगडा आहे, मला माहितेय, पण 9 तारखेला ऑफिसर थांबायला तयार झाला नसता तरी त्याला पुरावा काहीच नाही असं लिहिता आलं नसतं.

स्टेटमेंट 11 ला मिळालं, 12 ला चढलं, यावेळी Full Response. पाचही चेक जुळले. बिलं नीट वाचताना दिसलं की दीड लाख सोफा, पडदे आणि गाद्यांचे आहेत, ते घराची सुधारणा म्हणून धरता येत नाहीत, ते आम्हीच पत्रात सोडून दिले. ऑर्डर फेब्रुवारीत आली, साडेसहा लाख मान्य झाले, दीड लाखाच्या इंडेक्स केलेल्या 2 लाख 17 हजार 500 वर टॅक्स सेससकट 45,240 आणि व्याज. दोन लाख एकेचाळीस हजारांच्या ठिकाणी. तुमचीही बिलं तशी चाळा, रंगकाम आणि किरकोळ दुरुस्तीवर प्रश्न येतात, आपणच आधी वेगळं केलेलं बरं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एक बाई माझ्याकडे ऑर्डर झाल्यावर आल्या. त्यांच्या खात्यात भरलेल्या रोख रकमेची चौकशी होती, आधीच्या सल्लागाराने तीन वेळा ॲडजर्नमेंट मागितली होती, तिन्ही वेळा एकच वाक्य, कागदपत्रं गोळा करणं चालू आहे, वेळ द्यावा. जोडपत्र एकही नाही, तारीख एकदाही नाही. शेवटी ऑफिसरने कलम 144 खाली, म्हणजे उत्तर नाही म्हणून स्वतःच्या अंदाजाने ऑर्डर काढली आणि पूर्ण रोख रक्कम हिशेबाबाहेरचं उत्पन्न म्हणून धरली. त्या वर्षी अशा रकमेवर 60 टक्के टॅक्स, त्यावर 25 टक्के सरचार्ज आणि वर सेस, म्हणजे शंभरातले 78 रुपये. शिवाय 142(1) ला उत्तर नाही म्हणून कलम 272ए खाली 10,000 दंडाची नोटीस वेगळी. वाईट याचं वाटतं की त्यांच्याकडे पुरावे होते, आधीच्या पैसे काढल्याच्या नोंदी होत्या, त्यांच्या आईच्या दागिन्यांच्या विक्रीची पावती होती, फक्त एकत्र केलेली नव्हती आणि अर्धी का होईना दिलेली नव्हती.

अपील केलं तर तिथे नियम 46ए आडवा आला. ऑफिसरपुढे न दिलेला कागद अपिलात असाच देता येत नाही, तुम्हाला दाखवावं लागतं की पुरेशा कारणामुळे तेव्हा देता आला नाही, किंवा ऑफिसरने तो घ्यायला नकार दिला, किंवा पुरेशी संधीच दिली नाही. हे दाखवायचं कशावरून? त्या वेळच्या मुदतीच्या अर्जावरून. बँकेचा शिक्का, तारीख, मागितलेली ठरावीक मुदत हे जर त्यात असतं तर पुरेसं कारण तयार होतं. तीन एकओळी अर्जांतून ते निघेना. म्हणून मी म्हणतो की मुदतीचं पत्र लिहिताना वाचणारे दोन धरायचे, आजचा ऑफिसर आणि दीडदोन वर्षांनी फाइल उघडणारा अपिलाचा कमिशनर. दंडाच्या नोटिशीलाही हेच पत्र उपयोगी पडतं, कारण वाजवी कारण असेल तर कलम 273बी प्रमाणे तो दंड लागत नाही.

समजा मुदत मिळाली नाही आणि थेट शो कॉज आली, तरी मार्ग संपत नाही. शो कॉजच्या उत्तरात आधीच्या अर्जाची तारीख आणि ट्रान्झॅक्शन आयडी लिहा, तोवर आलेले कागद जोडा, आणि व्हिडिओ सुनावणी मागा, ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. सुनावणी ठरली आणि मुख्य कागद अजून यायचाच असेल तर त्या दिवसाच्या आधीच पोर्टलवर लेखी लिहून पुढची तारीख मागा, पण ती मिळाली नाही तर सुनावणीला हजर राहा. गैरहजर राहण्यासारखं नुकसान दुसरं नाही. सुनावणीत तोंडी जे सांगाल ते त्याच दिवशी लिहूनही चढवा, फाइलमध्ये राहतं ते लिहिलेलंच.

तुमच्यापैकी ज्यांची नोटीस जीएसटीची आहे त्यांनी वरचं तसंच्या तसं उचलू नका. तिथे कलम 75(5) प्रमाणे पुरेसं कारण दाखवलं तर सुनावणी पुढे ढकलता येते पण पूर्ण प्रकरणात जास्तीत जास्त तीन वेळा, त्यामुळे पहिली तारीख सहज घालवली तर खरी गरज पडेल तेव्हा हातात काही उरत नाही.

तुमच्या सहा दिवसांचं सांगतो. आज बँकेत अर्ज आणि शिक्का, कॉन्ट्रॅक्टरला ईमेल. उद्या नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे आहे-नाही लिहा आणि आहेत त्या कागदांच्या पीडीएफ करा, फाइलच्या नावात मुद्दा क्रमांक घाला. परवा Partial Response आणि लगेच मुदतीचा अर्ज. मग तीन दिवस उरतात, त्यात रोज पोर्टल बघा आणि मुदत दिसली नाही तर शेवटच्या दिवशी दुपारच्या आत जे काही नवं आलं असेल ते आणखी एका Partial Response ने टाका. असेसमेंट वर्ष कोणतं आणि बँकेने किती दिवस सांगितले ते इथे लिहा, किती तारखेपर्यंत मागावी ते सांगतो.